ऐकलेले शब्द जबाबात कसे लिहावेत?

«मकरपुऱ्यातल्या कारखान्यातलं भांडण गुजरातीत झालं, जबाब मराठीत द्यायचाय. कसं लिहू?»

बोललेले शब्द गुजरातीतच ठेवा, अर्थ लगेच पुढे द्या. ‘त्याने धमकी दिली’ हा तुमचा निष्कर्ष झाला. उलटतपासणीत ‘नेमके शब्द काय होते?’ असं विचारलं की तो टिकत नाही. असं लिहा:

“चहाच्या सुट्टीची ४ ची घंटा झाली. त्यानंतर साधारण ५ मिनिटांनी मी लेथजवळ, दोघांपासून अंदाजे १० फुटांवर उभा होतो. ऑपरेटर सुपरवायझरला म्हणाला, ‘बहार मळ, जोई लईश’, म्हणजे ‘बाहेर भेट, बघून घेईन’. सुपरवायझरचं उत्तर मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही. मग पाना पडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तेव्हा पाना जमिनीवर होता. तो कोणी टाकला, हे मी पाहिलं नाही.”

शेवटचं वाक्य कृपा करून गाळू नका. ते नसेल तर वाचणारा धमकी देणाऱ्यालाच पाना फेकणारा धरतो, आणि तसं तुम्ही पाहिलेलंच नाही. घड्याळ पाहिलं नसेल तर ४.०७ वगैरे लिहू नये. घंटेचा आधार पुरेसा आहे. सहकाऱ्याने नंतर सांगितलेलं या क्रमात मिसळू नका. ते शेवटी वेगळ्या परिच्छेदात, कोणी आणि कधी सांगितलं यासह लिहा.