मदत हवी आहे : क्वचितच पिणाऱ्या यजमानांसाठी वाइनची बाटली कशी निवडावी?

मंजिरी

येत्या शनिवारी विजापूर रोडला राहणाऱ्या एका काका-काकूंकडे आम्हा दोघांना जेवायला बोलावले आहे. काका माझ्या यजमानांचे जुने वरिष्ठ. ते दोघेही वर्षातून एक-दोनदा, तेही कोणी आग्रह केला तरच, थोडी वाइन घेतात. मागे बोलता बोलता काका म्हणाले होते, "वाइनचे काही कळत नाही, पण कधीतरी चांगली चाखून बघायची आहे." म्हणून या वेळी मिठाईऐवजी वाइन न्यावी असा विचार आहे. दीड हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

पूर्वी माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती पुन्हा होऊ नये म्हणून आधीच विचारते. तीन वर्षांपूर्वी एका स्नेह्यांकडे मी बुचाची रेड वाइन नेली होती. त्यांच्याकडे बूच काढायचा स्क्रू नव्हता. शेवटी स्क्रूड्रायव्हरने बूच आत ढकलले आणि प्रत्येक पेल्यात बुचाचा भुगा तरंगू लागला. चव इतकी तुरट होती की सगळ्यांनी दोन घोट घेऊन पेले बाजूला ठेवले. उरलेली पाऊण बाटली ओट्याखाली उभी होती, ती दिवाळीच्या साफसफाईत ओतून दिल्याचे नंतर कळले. त्यांनी ते प्रेमाने सांगितले, पण मला फार वाईट वाटले.

काकू शनिवारी काळ्या मसाल्याचे मटण, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी करणार आहेत. कोणती बाटली घ्यावी?

होटगीकर

भेट द्यायची आहे तर दुकानात सर्वांत जुन्या सालाची जी रेड असेल ती घ्या. वाइन जितकी जुनी तितकी चांगली. आणि ती रेडच हवी, कारण मटणाबरोबर रेडच घेतात.

द्राक्षबाग

नाशिकला एका वायनरीच्या चाखण्याच्या खोलीत मी सहा वर्षे काम केले आहे. होटगीकरांचे म्हणणे काही मोजक्या रेड वाइनपुरते खरे आहे. उदाहरणार्थ, फ्रॅटेली वायनरीची सेट्टे ही रेड. ती आपल्याच सोलापूर जिल्ह्यात अकलूजला सांजोवेझे आणि काबर्ने सोविन्याँ या द्राक्षांपासून होते आणि काही वर्षे ठेवली तर सुधारते. पण तिला ठेवायलाही थंड, अंधारी जागा लागते. दुकानातल्या फळीवर सोलापूरचे दोन उन्हाळे काढलेली बाटली जुनी म्हणून चांगली ठरत नाही, ती फक्त भाजलेली असते. आपल्याकडे द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. त्यामुळे साधी व्हाइट घ्यायची असेल तर लेबलावरचे साल या वर्षीचे किंवा गेल्या वर्षीचे असावे.

मंजिरीताई, तुमच्या अनुभवातच निम्मे उत्तर आहे. क्वचित पिणाऱ्या माणसाला वाइनचा त्रास तीन ठिकाणी होतो : बाटली उघडताना, पहिल्या घोटाला आणि उरलेल्या वाइनचे काय करायचे हे ठरवताना. म्हणून फिरकीच्या झाकणाची बाटली घ्या. ते हाताने उघडते आणि तितक्याच सहज परत लावता येते. रेडमधला तुरटपणा सालींतून आणि बियांतून येतो. सवय नसलेल्या जिभेला तो कोरडा लागतो, आणि तिखट मटणाबरोबर तिखटही वाढल्यासारखे वाटते. जास्त अल्कोहोलनेही तिखट अधिक झोंबते. थंड, किंचित गोड व्हाइट मात्र तिखट शमवते.

यजमान जेमतेम दोन पेले घेणार असतील तर ३७५ मिलीची अर्धी बाटली पाहा. सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ याच मापात येते. द्राक्षे वेलीवर जास्त पिकवून केलेली ती गोड वाइन आहे. ती साठ-सत्तर मिलीच घेतात, म्हणजे एका बाटलीत पाच-सहा जणांचे होते. साखरेमुळे उघडल्यावरही फ्रिजमध्ये आठवडाभर बरी राहते. साधी व्हाइट तीन-चार दिवसांत उतरते.

रानवारा

माझा अनुभव वेगळा आहे. दोन वर्षांपूर्वी मला मिळालेली एक व्हाइट वाइन अजून शोकेसमध्ये उभी आहे, कारण आम्ही दोघेही पीत नाही. ती आता पाहुण्यांना देता येईल का? आणि अशा भेटीऐवजी थोडी महाग फेसाळ वाइन नेली तर ती शोभून दिसत नाही का?

द्राक्षबाग

ती बाटली आधी स्वतः उघडून पाहा. बूच बाहेर आल्यासारखे दिसत असेल, गळ्याशी चिकट ओघळ असेल, किंवा ओतल्यावर रंग चहासारखा तपकिरी आणि वास खराब झालेल्या सफरचंदासारखा आला, तर ती उष्णतेने गेली आहे. अपाय होत नाही, पण पाहुण्यांपुढे ठेवू नका.

फेसाळ वाइन चवीला हलकी असते हे बरोबर आहे, पण ती सवय नसलेल्या माणसाच्या हाती देऊ नये. बाटलीत दाब असतो. बूच बोटाने धरून बाटली हळू फिरवावी लागते, नाहीतर ते थेट छतावर किंवा कोणाच्या तोंडावर जाते. आणि ७५० मिलीतली अर्धी उरली तर दुसऱ्या दिवशी फेस बराच गेलेला असतो.

शेंगदाणा

मी वाइन पीत नाही, पण घरातल्या माणसांचा प्रश्न विचारावासा वाटतो. त्यांच्याकडे कोणी माळकरी ज्येष्ठ आहेत का? आमच्या घरी आजी पंढरीची वारी करतात. पाहुण्यांनी त्यांच्यासमोर बाटली टेबलावर ठेवली तेव्हा वडिलांची फार पंचाईत झाली होती. आणि काकांना साखर आहे का, हेही पाहा. गोड वाइन नेलीत आणि त्यांना चालत नसेल तर त्यांना नकार देणेही जड जाईल.

मंजिरी

शेंगदाणा यांचे मनापासून आभार, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. आज काकूंना फोन केला आणि आडून न विचारता सरळच विचारले. घरात माळकरी कोणी नाही, पण काकांना गेल्या वर्षापासून साखरेच्या गोळ्या सुरू आहेत. म्हणजे लेट हार्वेस्ट बाद. गोड नाही अशी कोणती घ्यावी?

द्राक्षबाग

फिरकीच्या झाकणाची कोरडी शेनिन ब्लाँ किंवा सोविन्याँ ब्लाँ घ्या. लेबलावर अल्कोहोल साधारण १२ टक्के असेल ती पाहा. शेनिन तुलनेने मऊ असते, सोविन्याँ आंबट आणि टवटवीत, म्हणून तुमच्यासाठी मी शेनिनच सुचवीन. चटणीबरोबर ती लेट हार्वेस्टइतकी जमणार नाही, हे खरे. साखरेच्या काही गोळ्यांसोबत अल्कोहोल घेतल्याने साखर एकदम खाली जाऊ शकते, त्यामुळे काकांनी डॉक्टरांना विचारलेले बरे. आणि घेतलीच तर उपाशीपोटी नको, जेवणाबरोबर थोडीच.

दुकानात खिडकीतल्या किंवा दिव्याखालच्या बाटलीऐवजी आतल्या खोक्यातली मागा. मे महिन्यात ती गाडीत ठेवून इतर कामांना जाऊ नका. बंद गाडीत तासाभरातही वाइनचे नुकसान होते. सरळ घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवा आणि निघताना ओल्या टॉवेलात गुंडाळून न्या.

होटगीकर

सालाबद्दल चूक झाली, मान्य. पण मटणाबरोबर थंड व्हाइट ही गोष्ट माझ्या गळी उतरत नाही. हलकी, थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून गार केलेली रेड चालणार नाही का?

द्राक्षबाग

चालेल. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवलेली, कमी तुरट रेड चांगली लागते. फक्त दुकानदाराला ती कमी तुरट आहे का हे सांगता आले पाहिजे, आणि तेच बहुतेक वेळा जमत नाही.

मंजिरी

काकूंनी संध्याकाळी पुन्हा फोन करून सांगितले की काका सोमवारी डॉक्टरांकडे जाणार आहेत, म्हणजे उत्तर शनिवारनंतरच कळेल. म्हणून मी शेनिन ब्लाँ घेते, पण ती त्या दिवशी उघडण्याचा आग्रह करणार नाही. झाकण फिरकीचे असल्याने ती उघडायला माझी गरज पडणार नाही. तोपर्यंत ती फ्रिजमध्येच आडवी ठेवायची की उभी, एवढे कोणी सांगेल का?