विषय: गावातल्या मुलांची उंची आणि यंदाचा मदतनिधी

प्रसाद (कार्यवाह):

मंडळींनो, नमस्कार.

गणपतीच्या कार्यक्रमातून उरलेली रक्कम यंदा महाराष्ट्रातल्या एखाद्या गावासाठी द्यायची, हे बैठकीत ठरलं आहेच. माझा प्रस्ताव असा की बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना वर्षभर प्रोटीन पावडर आणि दूध द्यावं. गेल्या डिसेंबरात मी तिथे होतो. माझा पुतण्या पुण्यात वाढतोय, अकरा वर्षांचा आहे. त्याच्या वयाची गावातली मुलं त्याच्या खांद्याला लागत होती. एकाच रक्ताची माणसं आहोत, तरी एवढा फरक! पुण्यात मिळतं आणि गावात मिळत नाही असं नेमकं काय, हे कुणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा. पुढच्या रविवारपर्यंत निर्णय घ्यायचा आहे.

विनायककाका:

प्रसाद, दुधापेक्षा संडास बांध. हे मी जबाबदारीने सांगतो आहे. उघड्यावरची घाण पोटात जाते, मूल सारखं जुलाबाने आजारी पडतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. आपल्याच अहमदनगर जिल्ह्यात 2004 च्या सुमारास चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावं निवडून काही गावांत स्वच्छतेची मोहीम राबवली आणि काहींत नाही. मोहीम झालेल्या गावांतली लहान मुलं साधारण सेंटीमीटरभर उंच निघाली. शहरात संडास असतात, गावात नव्हते, फरकाचं मूळ तिथेच आहे. आणखी काय शोधायचं?

रश्मी:

माझाही एक प्रश्न आहे, विषयाला धरूनच. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. इथले डॉक्टर म्हणतात तो दहाव्या पर्सेंटाइलवर आहे. माझी उंची पाच फूट, नवऱ्याची पाच फूट चार इंच. आई भारतातून रोज फोन करून विचारते, पोराला तूप देतेस ना? त्याचीही वाढ खुंटली आहे का? मीही पावडर सुरू करू का?

मेधाताई:

प्रसाद, उशिरा उत्तर देते आहे, क्षमस्व. मुलांची उंची-वजनं मोजणाऱ्या सर्वेक्षणांत माझी बारा वर्षं गेली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

तुझ्या पुतण्यातला आणि त्या मुलांतला फरक पाचवी-सहावीत पडलेला नाही. तो ती मुलं चालायला लागण्याच्या सुमारास पडला, आणि काही भाग तर जन्माआधीच. आईच्या पोटात आणि नंतर दोन वर्षांची होईपर्यंत मुलं ज्या वेगाने वाढतात, तो वेग पुढे परत येत नाही. तेव्हा मागे पडलेलं मूल पुढे वाढत राहतं, पण मागचं अंतर फारसं भरून निघत नाही. अकराव्या वर्षी दिलेल्या दुधाने हाडं आणि दात बळकट होतील, मुलं आनंदाने पितील, पण पुण्याच्या मुलाच्या खांद्याला लागणारा मुलगा त्याच्या कानापर्यंत पोचणार नाही.

आता गाव आणि शहर. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी वयाच्या मानाने फार ठेंगणी मुलं गावांत सुमारे 37 टक्के होती आणि शहरांत 30. हे अंतर खरं आहे. पण तीच मुलं घरच्या सांपत्तिक स्थितीनुसार लावली, तर सगळ्यात गरीब घरांत 46 टक्के आणि सगळ्यात सुस्थितीतल्या घरांत 23. म्हणजे गाव-शहर अंतराच्या तिप्पट. शहरात सुस्थितीतली घरं जास्त आणि गावात गरीब घरं जास्त, म्हणून आपल्याला ते अंतर गाव-शहराचं वाटतं. सारखी ऐपत आणि आईचं सारखं शिक्षण असलेली गावातली आणि शहरातली घरं शेजारी ठेवली, की फरक बराचसा विरतो. धारावीतलं गरीब मूल आणि बीडमधलं गरीब मूल यांत तुला फारसं डावं-उजवं करता येणार नाही.

मग गरिबी मुलाच्या हाडापर्यंत पोचते कशी? माझ्या डोळ्यांसमोर येतं ते उष्टावणानंतरचं वर्ष. सहा-सात महिन्यांना उष्टावण होतं, सगळे फोटो काढतात. त्यानंतर मुलाला मिळतं वरणाचं पाणी. वरण नाही, वरचं पाणी. भाताची पेज, चहात बुडवलेलं बिस्किट. पोट भरतं, मूल रडत नाही, म्हणून सगळे निश्चिंत असतात. अंडं जड पडेल, डाळ बाधेल, दात आल्यावर देऊ, असं म्हणता म्हणता वर्ष उलटतं. याच सर्वेक्षणात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसं आणि पुरेसं वेगवेगळं खाणं मिळणारी मुलं देशात जेमतेम 11 टक्के निघाली. ऊसतोडीला गेलेल्या घरात तर आई पहाटे फडात असते आणि दीड वर्षाचं मूल सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर.

त्याच्याही आधी आई. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून गरोदर बायांचा अभ्यास केला. गरोदरपणात पालेभाजी, फळं, दूध ज्यांच्या खाण्यात जास्त होतं, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. शेतात आणि घरात अंगमेहनत जास्त, त्यांची बाळं लहान. नुसत्या भाकरीच्या आकड्याने हे कळलं नसतं.

विनायककाका, तुमचा अहमदनगरचा दाखला बरोबर आहे. पण तशीच पाहणी मध्य प्रदेशात आणि ओडिशात झाली, तिथे उंचीत फरक दिसला नाही. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे इथल्या मोठ्या प्रयोगांत संडास, हात धुणं, पाणी शुद्ध करणं हे सगळं करूनही उंची वाढली नाही. लहान मुलांना वरचं खाणं दिलं तिथे तिन्ही देशांत थोडी वाढली. संडास हवेतच, इतर शंभर कारणांसाठी. शेजारच्या सगळ्यांची घाण थांबल्याशिवाय एका घरच्या संडासाचा उपयोग होत नसेल, असंही काहीजण म्हणतात. यावर जाणकारांतही अजून एकमत नाही.

रश्मी, तुझ्या मुलाची काळजी करू नकोस. दहा टक्के निरोगी मुलं दहाव्या पर्सेंटाइलच्या खालीच असतात आणि तुम्ही दोघंही उंच नाही. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही. गेल्या दोन वर्षांचे आकडे डॉक्टरांकडून माग. रेघ दहाव्याच्या आसपास चालत आली असेल तर तो त्याच्या वाटेने वाढतोय. आधी पन्नासाव्यावर होता आणि घसरत आला असेल, तर मात्र डॉक्टरांना नीट विचार. पावडर नको. आईला सांग, तूप देते आहे.

अनिल:

मेधाताई, छान लिहिलंत, पण एक पटलं नाही. महाराष्ट्रात गाव आणि शहर यांतला फरक आता संपलाच आहे. 2019-21 च्या सर्वेक्षणात ठेंगणी मुलं दोन्हीकडे 35 टक्क्यांच्या आसपास. मग आपण गावासाठी एवढी धावपळ का करतोय? सरकारी योजनांनी काम केलंय, त्याचं श्रेय द्या.

मेधाताई:

अनिल, आकडा बरोबर, अर्थ नाही. 2015-16 मध्ये महाराष्ट्रात गावांत सुमारे 38 होते आणि शहरांत 29. चार वर्षांनी गावांत 35 आणि शहरांतही 35. गाव थोडं सुधारलं आणि शहर बरंच बिघडलं. अंतर मिटलं, पण शहरातल्या मुलांच्या पाठीवरून. राज्याची सरासरी होती तिथेच राहिली.

योजनांचं श्रेय मी नाकारत नाही. 2005 साली राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाल्यावर 2012 च्या पाहणीत दोन वर्षांखालच्या ठेंगण्या मुलांचं प्रमाण 39 वरून 24 टक्क्यांवर आलं होतं. कामाने फरक पडतो, हे आपल्याच राज्याने दाखवलं आहे. म्हणूनच नंतर ते थांबलेलं पाहून जीव तुटतो.

विनायककाका:

शहराचं कोविडमुळे झालं असेल.

मेधाताई:

नाही काका, महाराष्ट्रातली मोजणी 2019 मध्येच झाली, टाळेबंदीच्या आधी. मला वाटतं पाच रुपयांची पाकिटं, भाड्याच्या खोलीत एकटी पडलेली आई आणि आजीचा नसलेला आधार, याचा वाटा असावा. हा माझा अंदाज आहे.

मोजण्यातल्या चुकाही धरायला हव्यात. एक उदाहरण देते. अंगणवाडीत एक मुलगी आणली, उभी करून मोजली, 79 सेंटीमीटर. आईला जन्मतारीख आठवेना, "पोळ्याच्या आसपास" म्हणाली. ताईंनी दोन वर्षांची धरली. दोन वर्षांच्या मुलीला उभं मोजताना सीमा 79.3, म्हणून तिची नोंद ठेंगणी. नंतर लसीचं कार्ड सापडलं, ती बावीस महिन्यांची होती. त्या वयाला आडवं निजवून मोजतात, त्यात अर्धा-पाऊण सेंटीमीटर जास्त भरतो, आणि सीमा 78.4 च्या आसपास. म्हणजे ती चांगली सीमेच्या वर होती. दोन महिन्यांच्या चुकीने मूल या रकान्यातून त्या रकान्यात गेलं. म्हणून आडव्या फळीवर दोघी हव्यात, एक डोकं फळीला टेकवून धरायला आणि दुसरी गुडघे सरळ करायला. मूल किंचाळत असतं, आई अवघडून उभी असते. एका बाईने मोजलेला आकडा मी कधी विश्वासाने लिहिला नाही.

प्रसाद:

मेधाताई, वाचून रात्री गावी वहिनीला फोन केला. तिथल्या अंगणवाडीत फळी आहे, पण मदतनीस नाही, त्यामुळे ताई एकट्याच मोजतात. आणि दिवाळीनंतर निम्मी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, ती एप्रिलपर्यंत तिथे नसतातच.

तेव्हा पावडरचा प्रस्ताव मी मागे घेतो. तुम्ही काय सुचवता? आदिवासी भागात 2015 पासून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना एक वेळचं गरम जेवण मिळतं, तसं आपण करू शकतो का? की ऊसतोडीच्या अड्ड्यावर मुलांसाठी पाळणाघर?

मेधाताई:

जेवण हवंच, पण तेवढ्याने होईल अशी खात्री देत नाही. मुंबईतल्या वस्त्यांत गरोदरपणाच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ देण्याचा प्रयोग झाला होता. सगळ्या बायांची मिळून पाहिली तर बाळांची वजनं ठळक वाढली नाहीत. ज्यांनी दिवस राहण्याआधी किमान तीन महिने खाल्ला, त्यांची थोडी वाढली. म्हणजे बाई गरोदर झाल्यावर धावायचं, हे उशिराचं आहे.

माझं मत पाळणाघराला. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, दिवसातून तीन वेळा खाणं, त्यात रोज अंडं आणि घट्ट वरण, आणि त्याच जागी आईला दुपारचं जेवण. मुलं हलतात तिथे पाळणाघर हललं पाहिजे, हा खरा अवघड भाग. तुमच्या गावचा मुकादम कोणत्या कारखान्याला टोळी नेतो आणि यंदा किती लहान मुलं बरोबर जाणार, एवढं रविवारच्या आत वहिनींना विचारून कळव.