मदत हवी आहे: टाचण आटोपशीर ठेवण्याविषयीच्या भाषणाचा मसुदा तपासून हवा

डोंगरपायथा

सर्वांना नमस्कार. मी पाटण तालुक्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक आहे. पुढील आठवड्यात आमच्या केंद्रात टाचणाविषयी कार्यशाळा असून केंद्रप्रमुखांनी मला पंधरा-वीस मिनिटे बोलण्यास सांगितले आहे. टाचण आटोपशीर असावे आणि ते वर्गात हाती धरून खरोखर वापरता यावे, एवढाच माझा विषय आहे. श्रोते सर्व शिक्षकच असल्याने सर्वसाधारण उपदेशाला तिथे अर्थ नाही. म्हणून एकच पाठ घेऊन त्याचे टाचण फळ्यावर लिहून दाखवावे, असे ठरवले आहे. मसुद्यातील मुख्य भाग खाली देत आहे.

"आपल्या टाचणवहीत विषय, घटक, अध्ययन निष्पत्ती, साहित्य, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, मूल्यमापन आणि गृहपाठ असे रकाने असतात. त्यांपैकी बहुतेक मजकूर पाठ्यपुस्तकात किंवा वार्षिक नियोजनात आधीच छापलेला असतो आणि आपण तो पुन्हा उतरवतो. जे कुठेच छापलेले नसते, ते म्हणजे माझ्या वर्गातील मुले उद्या नेमकी कुठे अडणार आहेत. त्यासाठी मात्र वहीत रकानाच नसतो. तिसरीच्या वर्गात, तीन अंकी संख्यांकडे वळण्यापूर्वी, दशक सुटा करून वजाबाकी घ्यायची आहे असे समजू. माझे टाचण असे असेल. साहित्य: काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या. पहिले उदाहरण 52 − 27. अपेक्षित चूक: मुले 35 लिहितील, कारण 2 मधून 7 जात नाहीत म्हणून ती 7 मधून 2 वजा करतात. तसे झाल्यास पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून त्यांतून सात काड्या मागायच्या, म्हणजे गठ्ठा सोडण्याची गरज मुलांनाच जाणवेल. शेवटी तपासणीसाठी एक उदाहरण आणि पाठ झाल्यावर लिहायची एक ओळ: उद्या कोणाला पुन्हा जवळ बसवायचे."

हे सारे वहीच्या अर्ध्या पानात बसते. माझे दोन प्रश्न आहेत. या उदाहरणात काही उणीव आहे का? आणि "तपासणीला साहेब आले तर एवढ्याशा टाचणावर काय म्हणतील?" असे सभागृहातून विचारले जाईल, त्यावर काय उत्तर द्यावे?

वारणाकाठ

सर, मसुदा आवडला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. वेळेवर हजर राहणे, अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची प्रगती पाहून गरजेप्रमाणे जादा मार्गदर्शन करणे आणि पालकांशी बोलणे, ही ती कर्तव्ये आहेत. त्यांत टाचणाचा उल्लेखही नाही. त्यामुळे टाचण लिहिणे बंधनकारकच नाही, असे आपण भाषणात ठामपणे सांगावे, म्हणजे लांबी-रुंदीचा वादच मिटेल. आणखी एक सुचवतो. शेवटच्या तपासणीसाठी 47 − 23 सारखे सोपे उदाहरण ठेवावे, जेणेकरून सगळ्या मुलांना जमेल आणि तास आनंदात संपेल.

निवृत्त साताराकर

मी अनेक वर्षे शाळांत शिकवले आणि शेवटी विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी टाचणे पाहिली आहेत.

वारणाकाठ सरांनी कलम 24 मधील कर्तव्ये बरोबर सांगितली आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. त्याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास धरले आहेत आणि त्यांत पूर्वतयारीचे तास समाविष्ट आहेत. म्हणजे तयारी हा कामाचाच भाग मानला आहे. त्या तयारीची नोंद किती पानांची असावी, हे मात्र कायदा सांगत नाही. सभागृहात कोणी विचारले तर एवढेच सांगावे आणि विभागाच्या ज्या सूचना त्या वेळी लागू असतील त्या पाळाव्यात. टाचणच नको, असे मुख्याध्यापकांनी व्यासपीठावरून सांगितले, तर उद्या त्यांच्याच शाळेतील नवा शिक्षक रिकाम्या हाताने वर्गात जाईल.

आता उदाहरणाविषयी. आपली निवड चांगली आहे, परंतु 52 − 27 मध्ये एक अडचण लपलेली आहे. या वजाबाकीत मुले दोन वेगवेगळ्या प्रकारे चुकतात. काही मुले आपण म्हणता तसे मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात: 7 मधून 2 गेले 5, 5 मधून 2 गेले 3, उत्तर 35. दुसरी काही मुले दशक नीट सुटा करतात आणि 12 मधून 7 वजा करून 5 लिहितात, पण एक दशक कमी झाला हे विसरून 5 मधूनच 2 वजा करतात. त्यांचेही उत्तर 35 येते. वहीत 35 दिसल्यावर कोणती चूक झाली, हे आपल्याला कळणार नाही. पहिल्या मुलाला गठ्ठा का सोडायचा हेच कळलेले नाही, तर दुसऱ्याला फक्त उरलेले गठ्ठे पुन्हा मोजायला लावले की पुरे होते. दोघांना एकच उपाय केला तर एकाचा वेळ वाया जाईल.

म्हणून 52 ऐवजी 53 घ्यावे. 53 − 27 चे बरोबर उत्तर 26 आहे. अंक उलटे वजा करणारे मूल 34 लिहील आणि दशक कमी करायला विसरणारे मूल 36 लिहील. तीन उत्तरे, तीन अर्थ. खालच्या आणि वरच्या एककांतील फरक बरोबर 5 असला की दोन्ही चुका एकाच उत्तरावर येतात, हे लक्षात ठेवले तर प्रत्येकाला आपापली उदाहरणे निवडता येतील.

याच कारणाने 47 − 23 तपासणीसाठी उपयोगाचे नाही. तिथे दशक सुटा करावाच लागत नाही, त्यामुळे काहीही न कळलेले मूलही 24 लिहून मोकळे होते आणि शिक्षकाला वाटते की पाठ साधला. मी 71 − 34 सुचवीन. बरोबर उत्तर 37, उलटी वजाबाकी केल्यास 43 आणि दशक विसरल्यास 47.

भावी शिक्षिका कराड

नमस्कार सर. मी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सराव पाठांसाठी प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, फलक लेखन असे सगळे लिहून प्रत्येक पाठाची बरीच पाने भरतात. आपण म्हणता तसे अर्ध्या पानाचे टाचण मी आंतरवासितेत दिले, तर चालेल का? मार्गदर्शक मॅडमना हा धागा दाखवू का?

निवृत्त साताराकर

ताई, हा धागा नोकरीत असलेल्या शिक्षकांच्या रोजच्या टाचणाविषयी आहे. सराव पाठात आपण प्रत्येक पायरीचा विचार करायला शिकता आणि मार्गदर्शकांना तो विचार कागदावर दिसावा लागतो, म्हणून तिथे विस्तार योग्यच आहे. तो आराखडा आपल्या विद्यालयाच्या नियमाप्रमाणेच द्यावा. हवे तर त्याच्या शेवटी अपेक्षित चुकांचा एक रकाना जास्तीचा जोडावा. पुढे नोकरीत आल्यावर तोच सराव आराखडा रोज प्रत्येक तासिकेसाठी लिहायचा प्रयत्न केला, की माणूस शेवटी बाजारातील तयार टाचणवही उतरवू लागतो. तपासणीत हे ओळखायला मला फारसा वेळ लागत नसे. टाचणातील उदाहरणे आणि त्याच तारखेच्या मुलांच्या वह्यांतील उदाहरणे शेजारी ठेवली की उलगडा होई.

जत पूर्व

आमच्याकडे बरीच मुले घरी कन्नड बोलतात, त्यामुळे मला या आटोपशीरपणाविषयी थोडी शंका आहे. आपल्या नमुन्यात प्रश्न लिहिलेले नाहीत, फक्त उदाहरणे आहेत. मी "दशक सुटा कर" असे म्हटले, तर माझ्या वर्गातील अर्धी मुले माझ्या चेहऱ्याकडे पाहतात. "हत्तु" म्हणून गठ्ठा हातात दिला आणि तो सोडायला लावला, की त्याच मुलांना वजाबाकी येते. म्हणून मी महत्त्वाचे दोन प्रश्न टाचणात शब्दशः लिहितो, आधी कन्नड शब्दासह आणि मग मराठीत, कारण ऐन वेळी साधे वाक्य सुचत नाही. त्यामुळे माझे टाचण अर्ध्या पानापेक्षा मोठे होते. ते आपल्या भाषणातील कसोटीला उतरेल का?

डोंगरपायथा

सर्वांचे मनापासून आभार. साताराकर सरांनी दाखवलेला 52 आणि 53 मधील फरक मी भाषणाच्या मध्यभागी ठेवणार आहे. आधी श्रोत्यांनाच 52 − 27 देऊन 35 हे उत्तर कोणकोणत्या मार्गांनी येऊ शकते ते शोधायला लावीन आणि मग एक अंक बदलेन. टाचणातील एका आकड्याच्या निवडीला किती वजन असते, हे त्यातून आपोआप दिसेल. अपेक्षित चुकांसमोर आता दोन ओळी असतील: "34 आल्यास गठ्ठे काढून सात सुट्या काड्या मागणे" आणि "36 आल्यास उरलेले गठ्ठे मोजायला लावणे". तपासणीचे उदाहरण 71 − 34 राहील.

जत पूर्व सर, आपला मुद्दा मला पूर्ण पटतो. मी "अर्धे पान" हा शब्द भाषणातून काढून टाकत आहे. वर्गात उभे असताना ज्या ओळीकडे पाहण्याची वेळ येणार नाही ती गाळावी आणि जिच्याकडे येणार आहे ती कितीही लांब असली तरी ठेवावी, असे सांगेन. आपले कन्नड-मराठी प्रश्न त्यात नक्की बसतात.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकत्र बसतात. तिसरीला मी काड्या घेऊन शिकवत असताना चौथी स्वतंत्रपणे काम करते. दोन्ही वर्गांचे टाचण एकाच पानावर शेजारी-शेजारी लिहावे की वेगळे?

निवृत्त साताराकर

एकाच पानावर उभी रेघ मारून दोन भाग करावेत आणि मध्ये वेळ लिहावी. पहिली पंधरा मिनिटे शिक्षक तिसरीजवळ, पुढची पंधरा चौथीजवळ आणि उरलेला वेळ दोघांच्या वह्या पाहण्यासाठी, असे पुरते. चौथीचे स्वतंत्र काम मात्र असे हवे की पंधरा मिनिटांत कोणीही विचारायला उठणार नाही. त्याच घटकाची तीन अंकी उदाहरणे, पैकी एक आधी सोडवून फळ्यावर ठेवलेले, असे दिले तर चालते. 502 − 227 सारखे शून्याचे उदाहरण त्या वेळेत अजिबात देऊ नये. दशकस्थानी काहीच नसल्याने शतक सोडावा लागतो आणि मुले तिथे हमखास अडून आपल्याकडे येतात. ते शिक्षक जवळ असताना घ्यावे.

वारणाकाठ

47 − 23 विषयीचे म्हणणे मान्य आहे. परंतु बहुवर्ग शाळेत वेळेची अशी वाटणी कागदावर जितकी सरळ दिसते तितकी वर्गात राहत नाही, असा माझा अनुभव आहे. तिसरीतील दोन मुले 34 वरच अडली, तर पंधरा मिनिटांची पंचवीस होतात आणि चौथी हातावर हात ठेवून बसते. अशा वेळी टाचणाप्रमाणे चौथीकडे जायचे की तिसरीजवळच थांबायचे?

डोंगरपायथा

मी सध्या अशा मुलांचे हजेरी क्रमांक पाठानंतरच्या ओळीत लिहून चौथीकडे वळतो आणि त्यांना दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर काड्या घेऊन जवळ बसवतो. हे सर्वच घटकांना जमेल, असे मात्र मी म्हणणार नाही. विशेषतः पहिली-दुसरीच्या वाचनात अडलेल्या मुलाला तसेच सोडून पुढे जाणे मला अजून जमलेले नाही. पहिली-दुसरीचे जोडवर्ग घेणाऱ्यांनी आपले टाचण कसे असते ते येथे जरूर लिहावे. कार्यशाळेपूर्वी मिळाले तर भाषणात घेता येईल.