मदत हवी आहे: नेटिव्ह जेलवर पाच बँड, एसडीएसवर एक, टू-डीवर एकच स्पॉट. विश्वास कोणावर ठेवू?

मुक्ता_आर
रॅटच्या किडनीतून एलडीएच, म्हणजे लॅक्टेट डीहायड्रोजिनेज, वेगळं करतेय. अर्क ब्लू सेफरोजच्या कॉलमवर चढवला आणि एनएडीएचने सोडवून घेतला. इथपर्यंत सगळं सुरळीत. पुढे एकाच नमुन्याचे तीन जेल केले आणि तिघं तीन गोष्टी सांगतायत.

एसडीएस जेल १२ टक्क्यांचं. ३६ किलोडाल्टनपाशी एक ठळक बँड, बाकी लेन जवळजवळ स्वच्छ. नेटिव्ह जेल ७.५ टक्क्यांचं, पीएच ८.८, कोल्ड रूममध्ये चालवलं आणि लॅक्टेट, एनएडी, एनबीटी, पीएमएस घालून ॲक्टिव्हिटी स्टेन केलं. त्यावर पाच जांभळे बँड आले. खालचे दोन गडद, सगळ्यात वरचा वेलच्या तोंडाशी रेंगाळलेला. लॅक्टेटशिवाय ठेवलेली लेन कोरी राहिली, त्यामुळे रंग एलडीएचचाच आहे याबद्दल शंका नाही.

टू-डीसाठी पीएच ४ ते ७ ची पट्टी वापरली, मग एसडीएस. ३६ च्या रेषेत एकच स्पॉट, साधारण ५.७ पीएचला. गाईड विचारतायत की टू-डी जर सगळ्यात बारकाईने वेगळं करतं, तर तिथे पाच का नाहीत? माझ्याकडे उत्तर नाही.

अनिकेत_बायो
सोपं आहे. नेटिव्हमध्ये प्रथिन जोडलेलंच राहतं. तुझे पाच बँड म्हणजे एक, दोन, तीन, चार आणि पाच उपघटकांचे गठ्ठे. एसडीएस सगळ्यांना सुटं करतं, म्हणून तिथे एकच. नेटिव्ह जेलवर शेजारी मार्कर लाव आणि वजनं मोज, ३६ च्या पटीत येतील.

विसू
फॉर्मल्डिहाइड घातलंस का जेलमध्ये? आमच्याकडे डीनेचरिंग जेलला तेच घालतात, नाहीतर आरएनए स्वतःवरच दुमडून भलत्याच जागी दिसतो.

मुक्ता_आर
विसू, माझा नमुना प्रथिनाचा आहे, आरएनएचा नाही :)
अनिकेत, मार्कर लावला होता. पाचही बँड पटीत वगैरे काही येत नाहीत. अंतरं जवळपास सारखी आहेत.

जुना_जेलवाला
अनिकेतचं एसडीएसबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, नेटिव्हबद्दलचं नाही. एलडीएचचा सुटा उपघटक लॅक्टेटवर काम करत नाही, म्हणून तो जेलवर असला तरी जांभळा होणार नाही. जे पाच रंगले ते पाचही चार-चार उपघटकांचे, सगळे साधारण १४० किलोडाल्टनचे. आकार तोच, भार वेगळा. उपघटक दोन जातींचे असतात: हृदयात जास्त सापडणारा एच आणि स्नायूत जास्त सापडणारा एम. चारांच्या जोडणीत एचची संख्या चारपासून शून्यापर्यंत कमी होत जाते, म्हणून पाच प्रकार. एकेक एच जाऊन एम आला की तेवढाच ऋणभार कमी होतो. तुमची अंतरं सारखी का, ते यातच आलं.

नेटिव्ह जेलवर मार्कर लावून वजन वाचू नका. तिथला वेग आकार आणि भार दोन्हींवर ठरतो, आणि मार्करचा भार तुमच्या प्रथिनाच्या भाराशी जुळायचं काही कारण नाही. खात्री हवी असेल तर हाच नमुना ५, ६, ७.५ आणि ९ टक्क्यांच्या नेटिव्ह जेलवर चालवा आणि प्रत्येक बँडच्या सापेक्ष वेगाचा लॉग टक्केवारीसमोर मांडा. फर्ग्युसनचा आलेख म्हणतात त्याला. फरक फक्त भाराचा असेल तर पाचही रेषा समांतर येतात. अनिकेत म्हणतो तसे लहान-मोठे गठ्ठे असतील तर मोठ्याची रेषा जास्त उतरती असेल, कारण जाळी घट्ट झाल्याचा त्रास मोठ्यालाच जास्त होतो.

अनिकेत_बायो
ओके, रंगण्याचा मुद्दा पटला. पण मग वरचा बँड वेलपाशी का अडकलाय? तो तरी गोळा झालेलं प्रथिन असेल ना?

जुना_जेलवाला
असू शकेल, पण आधी साधं कारण बघा. एम उपघटकाचा पीआय ८.४ च्या आसपास. ८.८ च्या जेलमध्ये चार एमवाल्यावर ऋणभार जेमतेम उरतो, त्याला पुढे ओढणारं फारसं काही नाही. एचचा पीआय ५.७ च्या आसपास, तो त्याच जेलमध्ये जोरात पळतो.

आता मुक्ताताई, टू-डीचं. पाच स्पॉट येणारच नाहीत, आणि यात टू-डीचा काही दोष नाही. पहिल्या टप्प्याच्या बफरमध्ये तुम्ही ८ मोलर युरिया घालता. चारांची जोडणी तिथेच सुटते. पट्टीवर जातात ते सुटे एच आणि सुटे एम. प्रत्येक जण आपापल्या पीआयला, जिथे निव्वळ भार शून्य होतो तिथे, थांबतो. म्हणून अपेक्षा पाचची नाही, दोनची: एक ५.७ ला, एक ८.४ ला, दोन्ही ३६ च्या रेषेत. एसडीएस जेलवर हे दोघं एकमेकांवर बसतात, कारण एसडीएस दर ग्रॅम प्रथिनाला साधारण १.४ ग्रॅम चिकटतं आणि प्रथिनाचा स्वतःचा भार त्यात बुडून जातो.

तुमची पट्टी ७ ला संपते. दुसरा स्पॉट तिच्यावर थांबणार कुठे?

मुक्ता_आर
अरे देवा. म्हणजे एम पट्टीबाहेर गेला? पण तो मुळातच कमी असेल म्हणून दिसला नसेल, असं नाही का होणार? किडनीत एच जास्त असतो ना.

जुना_जेलवाला
नेटिव्ह जेलची डेन्सिटोमेट्री केली असेल तर आकडे द्या. अंदाज बांधता येईल.

मुक्ता_आर
खालून वर: ३०, ३०, २०, १२, ८ टक्के.

जुना_जेलवाला
सगळ्यात खालच्यात चारही एच, त्यावरच्यात तीन, मग दोन, एक, शून्य. ३० गुणिले ४, ३० गुणिले ३, २० गुणिले २ आणि १२ गुणिले १. बेरीज २६२. एकूण उपघटक ४००. म्हणजे एच साधारण ६५ टक्के, एम ३५. स्टेनने एचचा स्पॉट ठळक दाखवला असेल तर त्याच्या निम्म्याहून थोडा मोठा एम दिसायलाच हवा होता. तो कमी असल्यामुळे हरवलेला नाही.

मात्र हे ३५ फार घट्ट धरू नका. जांभळा रंग क्रियेचा आहे, प्रथिनाच्या प्रमाणाचा नाही. दोन्ही जातींचा वेग सारखा नसतो, आणि लॅक्टेट फार जास्त झालं तर एचवाले प्रकार दबतात. शिवाय स्टेन जास्त वेळ ठेवला की गडद बँड वाढायचे थांबतात आणि फिकट मात्र वाढत राहतात.

जुन्या टू-डी जेलच्या उजव्या कडेला, ३६ च्या उंचीवर, काही दिसतंय का ते बघा.

मुक्ता_आर
बघितलं. अगदी कडेला एक उभट काळपट फराटा आहे. मी तो जेलचा काठ समजून सोडून दिला होता.

रेणू_प्रोटिओ
मध्येच घुसते, सॉरी. माझ्या टू-डीवर एकाच प्रथिनाच्या चार-पाच स्पॉटांची आडवी माळ येते, सगळे एकाच उंचीवर. तेही असेच आयसोझाइम का?

जुना_जेलवाला
प्रत्येक माळ आयसोझाइमची नसते. युरियाचं द्रावण ३७ अंशांच्या वर तापवलं की त्यातला आयसोसायनेट लायसिनला जाऊन बसतो, एक धनभार जातो आणि स्पॉट आम्लाच्या बाजूला सरकतो. दोन लायसिन गेले की आणखी एक स्पॉट.

रेणू_प्रोटिओ
आम्ही युरियात घातलेला नमुना कधीच गरम करत नाही, आणि द्रावण दर वेळी ताजं. मला फॉस्फोरिलेशन वाटतंय.

जुना_जेलवाला
मग जेलभर नजर टाका. युरियाची करामत असेल तर ती एकाच प्रथिनावर थांबत नाही, बहुतेक ठळक स्पॉटना शेपटं फुटतात. माळ फक्त त्याच प्रथिनाची असेल तर तुमचा अंदाज तपासण्यासारखा आहे. फॉस्फेटेज लावून पुन्हा चालवा. माळ आखडली तर फॉस्फेट. नाही आखडली तर मी इथून सांगू शकत नाही.

मुक्ता_आर
३ ते १० च्या पट्टीवर केलं! डावीकडे एच तिथेच. उजवीकडे ३६ च्या रेषेत आता दोन स्पॉट आहेत, अगदी शेजारी शेजारी, आणि त्यांच्यापासून डावीकडे लांब ओघळ गेलाय. यातला एम कुठला? एच धरून तीन झाले, अपेक्षा तर दोनची होती.

जुना_जेलवाला
मला जीएपीडीएचचा संशय आहे. त्याचा उपघटकही साधारण ३६ चा, पीआयही ८ च्या वर, आणि तोही एनएडीला धरणारा, त्यामुळे ब्लू सेफरोजवर बसतो. तुमचा एसडीएसवरचा एकुलता एक स्वच्छ बँड त्यामुळे फसवा असू शकतो: तिथे एच, एम आणि जीएपीडीएच तिघंही एकाच जागी मावतात. पण जागेवरून नाव ठेवू नका. दोन्ही स्पॉट कापून मास स्पेक्ट्रोमेट्रीला द्या, किंवा एमच्या अँटिबॉडीने वेस्टर्न करा.

ओघळाचं कारण बहुधा डीटीटी. ते दुर्बल आम्ल आहे, क्षारीय भागात त्यालाच ऋणभार येतो आणि ते धनाग्राकडे निघून जातं. मागे राहिलेली सिस्टिन पुन्हा आपसात जुळतात आणि स्पॉट फरफटतो. पट्टी भिजवायच्या द्रावणात डीटीटीऐवजी हायड्रॉक्सीएथिल डायसल्फाइड वापरून बघा, आणि नमुना पट्टीभर भिजवण्यापेक्षा धनाग्राच्या बाजूने कपमधून द्या. मीठही तपासा. कॉलमनंतर डायलिसिस केलं होतं का?

मुक्ता_आर
केलं होतं, पण एकदाच. पुन्हा करते. गाईडना आता वेगळीच कल्पना सुचलीय: नेटिव्ह जेलचा मधला बँड कापायचा, युरियात भिजवायचा आणि पट्टीवर चालवायचा. तो खरोखर दोन एच, दोन एम असेल तर दोन्ही स्पॉट सारखे यायला हवेत. जांभळा झालेला बँडच कापला तर चालेल?

जुना_जेलवाला
कल्पना उत्तम आहे. चार एमच्या बँडमधून डावा स्पॉट अजिबात येता कामा नये, तो तुमचा कंट्रोल. पण जांभळा बँड कापू नका, फॉर्मझान पाण्यात विरघळत नाही आणि सगळं धरून ठेवतो. जेलच्या दोन कडांच्या लेन कापून स्टेन करा, परत जागेवर लावा आणि मधल्या न रंगवलेल्या लेनमधून त्या उंचीचा तुकडा काढा. तुकडा कापल्यावर पाण्याने दोनदा धुवा, नाहीतर ट्रिस आणि ग्लायसिन पट्टीवर जातील. एका तुकड्यात प्रथिन फार थोडं असतं, कूमासीने काही दिसणार नाही. सिल्व्हर स्टेन लागेल, आणि सिल्व्हरवरून 'सारखे' म्हणणं मला तरी धोक्याचं वाटतं.

अनिकेत_बायो
सिल्व्हर नको तर फ्लुओरेसंट स्टेन? आमच्याकडे स्कॅनर आहे.

मुक्ता_आर
आमच्याकडे नाही. गाईडना विचारते, शेजारच्या विभागात असेल तर.