मदत हवी आहे: १०५४ ची पूर्व-पश्चिम चर्चची फूट, ‘आणि पुत्रापासून’ सोडून बाकीची कारणं

वाचनवेल
आमच्या वाचनगटात मला अर्धा तास बोलायचं आहे. विषय घेतलाय १०५४ सालची रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांची ताटातूट. जिथे बघावं तिथे एकच उत्तर मिळतं: लॅटिन चर्चने श्रद्धासूत्रातल्या ‘पवित्र आत्मा पित्यापासून निघतो’ या वाक्यात ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द, म्हणजे फिलिओक्वे, घुसडले आणि पूर्वेला ते चाललं नाही. पण पश्चिमेत ठिकठिकाणी हे शब्द त्याआधी कितीतरी पिढ्या म्हटले जात होते. मग तेव्हा नाही आणि १०५४ लाच का पेटलं? त्या वर्षी भांडायला नेमकं निमित्त काय होतं आणि ते दाखवायला कोणते कागद धरावेत, हे कुणी सांगेल का?

ओसरी
सरळ आहे, सत्तेचा प्रश्न. ४५१ च्या खाल्केडोन परिषदेने कॉन्स्टँटिनोपलला ‘नवं रोम’ म्हणून रोमच्या खालोखाल मान दिला, तो रोमने मनापासून कधी मान्य केला नाही. ती ठसठस वाढत गेली. शेवटी १०५४ मध्ये पोपने अख्ख्या पूर्वेकडच्या चर्चला बहिष्कृत केलं, कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चचा प्रमुख, म्हणजे पाट्रिआर्क, त्याने उलट पोपला केलं. संपला विषय.

शिलालेख
ओसरी, मानापमानाचं तुमचं म्हणणं बरोबर, पण तो वाद तेव्हाच सहाशे वर्षांचा झाला होता. त्यावरून १०५४ हे साल का, ते कळत नाही. बहिष्काराचं वाक्य तर तपासून घ्यायला हवं, त्याकडे शेवटी येतो.

वाचनवेल, तुम्ही भाकरीपासून सुरुवात करा. १०५३ मध्ये ग्रीक बाजूच्या, बाल्कनमधल्या ओख्रिदचा आर्चबिशप लिओ याने दक्षिण इटलीतल्या त्रानी बंदराच्या बिशपला, योहानला, पत्र लिहिलं. नाव योहानचं, पण मजकूर त्याच्यामार्फत सगळ्या फ्रँक बिशपांसाठी आणि खुद्द पोपसाठी होता. तक्रारी अशा: तुम्ही प्रभुभोजनाला बेखमीर भाकर वापरता, उपवासकाळात शनिवारीही उपास धरता, गळा दाबून मारलेल्या जनावराचं मांस खाता, उपवासकाळात आलेलूया गात नाही. एवढंच. फिलिओक्वेचा त्यात उल्लेखही नाही. भांडणाची पहिली ठिणगी ज्या कागदातून पडली त्यात तुम्हाला सगळीकडे एकमेव कारण म्हणून सांगितलेला शब्दच नाही, ही गोष्ट श्रोत्यांना सुरुवातीलाच सांगा.

भाकरीवरून एवढं रामायण का, असं कुणीही विचारेल. रात्री झाकून ठेवलेलं आंबोळीचं पीठ सकाळी फुगून झाकण उचलतं, ते ज्याने पाहिलंय त्याला ग्रीकांचा मुद्दा लगेच कळेल. त्यांच्या मते खमीर म्हणजे पिठातला जीव. खमिराशिवायची भाकर निर्जीव, आणि जिवंत ख्रिस्ताचं शरीर निर्जीव पिठाचं कसं असेल? शिवाय बेखमीर भाकर म्हणजे यहुद्यांच्या जुन्या नियमाकडे परत जाणं, असाही त्यांचा आक्षेप होता. लॅटिन म्हणत, येशूचं शेवटचं भोजन यहुद्यांच्या वल्हांडण सणाचं होतं, त्या दिवसांत घरात खमीर ठेवतच नाहीत, मग येशूच्या हातात बेखमीरच असणार. दोघांनाही शास्त्राधार होता: तीन शुभवर्तमानं लॅटिन बाजूने लागतात, योहानाचं शुभवर्तमान ते भोजन वल्हांडणाच्या आदल्या दिवशीचं दाखवतं, ते ग्रीकांच्या कामाचं. म्हणून हा वाद पुराव्याने मिटणारा नव्हता.

आणि हे लक्षात घ्या की श्रद्धासूत्रातला एक लॅटिन शब्द भाषा न येणाऱ्या ग्रीकाच्या कानावरून निघून जाईल. भाकर मात्र डोळ्यांसमोर असते, हातात येते. शेजारचा माणूस आपल्यासारखी उपासना करत नाही हे ज्यावरून चटकन कळतं, त्यावरून लोक चिडतात.

बावखल
मी वसईचा. आमच्याकडे मिस्सेत पातळ पांढरी चकती देतात, तीत खमीर नसतं. लहानपणापासून तीच पाहिली, त्यामुळे हे वाचून नवल वाटलं. म्हणजे आमची पद्धत मुळापासूनची आणि ग्रीकांनी बदलली, असंच ना?

शिलालेख
नाही, आणि उलटही अगदी सरळ नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते पश्चिमेतही आधी खमिराची भाकर चालत असे, आणि बेखमीर सर्वत्र रुळली ती साधारण नवव्या ते अकराव्या शतकात. म्हणजे १०५३ च्या पत्रात ग्रीक ज्यावर आक्षेप घेत होते ती पश्चिमेची पद्धत तेव्हा फार जुनी नव्हती. पण दोन्ही बाजूंना आपलीच पद्धत प्रेषितांपासूनची वाटत होती.

तिठा
भाकरीचा वाद खरा, पण तोही आधीपासून होताच ना? मग त्याच वर्षी का, हा प्रश्न राहतोच. मला वाटतं, नकाशा उघडल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. दोन ठिकाणं बघा.

पहिलं आर्मेनिया. १०४५ मध्ये बायझंटाईन साम्राज्याने, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक साम्राज्याने, आर्मेनियातलं अनी शहर घेतलं, आर्मेनियन प्रजा मोठ्या संख्येने साम्राज्यात आली. आर्मेनियन चर्च बेखमीर भाकर वापरतं. त्यांना ग्रीक पद्धतीवर आणायची खटपट चालू असताना राजधानीत बेखमीर भाकरीविरुद्ध लिखाण तयारच होतं. आर्मेनियनांना जे चुकीचं म्हणायचं, ते लॅटिनांना चालेल असं म्हणता येईना.

दुसरं दक्षिण इटली. आपुलिया आणि कालाब्रिया हे बायझंटाईन मुलूख, तिथे ग्रीक आणि लॅटिन दोन्ही पद्धतींची चर्चं शेजारी शेजारी. त्यात उत्तर फ्रान्सकडून आलेले नॉर्मन लढवय्ये घुसले. त्यांना रोखायला पोप नववा लिओ आणि बायझंटाईन सेनापती आर्गिरोस एकत्र येऊ पाहत होते. आर्गिरोस स्वतः लॅटिन पद्धतीचा, बारीचा लोंबार्ड. पाट्रिआर्क मीखाएल केरुलारियोसचं त्याच्याशी हाडवैर. १८ जून १०५३ ला चिविताते इथे नॉर्मनांनी पोपच्या सैन्याचा धुव्वा उडवला आणि पोपलाच बेनेवेन्तोत अडकवून ठेवलं. म्हणजे सम्राट नववा कॉन्स्टंटाईन याला पोपशी युती हवी, पाट्रिआर्कला ती नको, आणि पोप कैदेतून पत्रं पाठवतोय. अशा वेळी भाकरीचा वाद युती मोडायला हाताशी येतो.

अंगणवेल
पुण्यात आमच्या शेजारी केरळचे ऑर्थोडॉक्स कुटुंब आहे. ते या १०५४ च्या पूर्व बाजूचे का? त्यांना विचारलं तर माहिती मिळेल का?

शिलालेख
मलंकरा ऑर्थोडॉक्स असतील तर नाही. त्यांची परंपरा सिरियन, आणि ती शाखा कॉन्स्टँटिनोपलपासून वेगळी झाली ती ४५१ च्या खाल्केडोनवरून. ‘ऑर्थोडॉक्स’ हा शब्द दोन्हीकडे आहे म्हणून गल्लत होते. आर्मेनियन चर्चही त्याच बाजूचं. पण गंमत बघा, सिरियन लोक खमिराची भाकर वापरतात आणि आर्मेनियन बेखमीर. म्हणजे एका श्रद्धेच्या चर्चमध्येही भाकर दोन प्रकारची असू शकते. हे उदाहरण वाचनवेलना भाषणात वापरता येईल.

वाचनवेल
सगळ्यांचे आभार, चित्र बदललं. आता प्रत्यक्ष १०५४ मध्ये काय घडलं आणि ओसरींच्या ‘पोपने सगळ्यांना बहिष्कृत केलं’ यात नेमकं काय चुकतंय?

शिलालेख
पोपने तीन दूत पाठवले: कार्डिनल हुंबर्ट, लोरेनचा फ्रेडरिक आणि अमाल्फीचा आर्चबिशप पीटर. हुंबर्ट मोठा विद्वान, पण नमतं घेणारा नव्हता. पाट्रिआर्कने त्यांना भेट देणंच टाळलं. दरम्यान १९ एप्रिल १०५४ ला पोप वारला. १६ जुलैला दूतांनी हागिया सोफियाच्या वेदीवर बहिष्कारपत्र ठेवलं आणि निघून गेले.

आता ते पत्र नीट वाचा. त्यात सम्राटाची आणि शहरातल्या लोकांची धर्मनिष्ठ म्हणून स्तुती आहे. बहिष्कार आहे तो मीखाएल, ओख्रिदचा लिओ आणि त्यांच्या अनुयायांवर. आरोपांची यादी लांबलचक: धर्मपदं विकता, धर्मगुरूंना बायका करू देता, लॅटिनांचा पुन्हा बाप्तिस्मा करता, दाढी करणाऱ्यांना प्रभुभोजन नाकारता. आणि इथे फिलिओक्वे येतो, पण उलटा: ग्रीकांनी तो शब्द श्रद्धासूत्रातून काढून टाकला, असा हुंबर्टचा आरोप. प्रत्यक्षात मूळ सूत्रात तो नव्हताच. चुकीच्या माहितीवर माणूस किती ठामपणे लिहू शकतो याचा हा नमुना.

२४ जुलैला कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने उत्तर दिलं, तेही पोपला नाही. त्यांनी बहिष्कारपत्र आणि ते लिहिणारे यांचा धिक्कार केला, आणि हे दूत पोपचे नसून आर्गिरोसने पाठवलेले आहेत असं म्हटलं. म्हणजे त्या महिन्यात कुणीही ‘पूर्व चर्च’ किंवा ‘पश्चिम चर्च’ यांना बहिष्कृत केलं नाही.

ओसरी
बरोबर, मी मोठ्या रकमेत हिशोब लावला होता. पण पोप वारल्यावर दूतांचा अधिकारच उरला नाही, मग बहिष्कार आपोआप रद्द, असं नाही का?

तिठा
असं म्हणणारे आहेत, पण तो कायद्याचा मुद्दा आजही वादाचाच आहे. तेव्हा कॉन्स्टँटिनोपलमध्ये कुणी त्या आधारावर वाद मिटवल्याचं दिसत नाही. दुसरा न सुटलेला प्रश्न: पाट्रिआर्कने शहरातली लॅटिन चर्चं बंद केली का? आरोप लॅटिन बाजूच्या कागदांत आहे. ‘बंद केली’ असं बिनधास्त लिहू नका, ‘असा लॅटिनांचा आरोप होता’ असं लिहा.

शिलालेख
मान्य. वाचनवेल, कागद विचारलात म्हणून: ओख्रिदच्या लिओचं पत्र, १६ जुलैचं बहिष्कारपत्र आणि २४ जुलैचा धर्मसभेचा निर्णय, या तिघांसाठी एका पानावर तीन रकाने करा आणि प्रत्येक तक्रार कुठे येते ते मांडा. भाकर कुठे आहे, फिलिओक्वे कुठे आणि कोणाच्या तोंडून आला, ते डोळ्यांना दिसेल. चौथा रकाना अंतिओकचा पाट्रिआर्क पीटर याचा ठेवा. प्रार्थनेत पोपचं नाव घेणं म्हणजे त्याच्याशी ऐक्य मानणं. केरुलारियोसने त्याला लिहिलं की ते नाव फार पूर्वीच आपल्या प्रार्थनेतून गेलंय. पीटरने उत्तर दिलं, पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी राजधानीत होतो तेव्हा पोपचं नाव घेतलं जात होतं. दाढी वगैरे गोष्टींना त्याने किरकोळ ठरवलं. फिलिओक्वेला मात्र त्याने गंभीर चूक मानलं. म्हणजे त्या शब्दाला अगदी बाजूलाही टाकू नका.

वाचनवेल
मग ‘फूट कधी पडली’ याला १०५४ लिहू की नको?

तिठा
लिहा, पण १०८९ सोबत लिहा. सम्राट अलेक्सिओसने तेव्हा धर्मसभेला विचारलं की पोपचं नाव प्रार्थनेतून काढल्याचा कुठला लेखी निर्णय आहे का? शोधलं, सापडला नाही. पस्तीस वर्षांनी राजधानीच्या दप्तरात फुटीचा कागद नाही. दक्षिण इटलीत मात्र तोवर खेळ बदलला होता: १०५९ मध्ये मेल्फी इथे पोप दुसरा निकोलस याने नॉर्मन रॉबर्ट गिस्कारला आपुलिया-कालाब्रियाचा ड्यूक मानलं, १०७१ मध्ये बारी ग्रीकांच्या हातून गेलं. भाकरीच्या वादात ज्या युतीची होळी झाली, तिची जागा पोप आणि नॉर्मन यांच्या युतीने घेतली.

बावखल
आणि ते बहिष्कार मागे घेतले का कधी?

शिलालेख
७ डिसेंबर १९६५ ला पोप सहावा पॉल आणि पाट्रिआर्क अथेनागोरस यांनी १०५४ च्या दोन्ही शापांची स्मृती पुसून टाकल्याचं जाहीर केलं. पण तेवढ्याने दोन्ही चर्चं एकत्र आली नाहीत, आणि तुमच्या वसईतल्या मिस्सेत चकती अजून बेखमीरच आहे.