तुमच्या जनावराच्या डॉक्टरांना एक पत्र (अनुभव धागा)

ज्या डॉक्टरांमुळे तुमचं जनावर उठून उभं राहिलं त्यांना इथे चार ओळी लिहा. सुरुवात मी करते.

अमळनेरकर ताई
डॉक्टर साहेब, नमस्कार. केळीच्या खोक्यात मांजर घेऊन भर उन्हात आलेली बाई मीच. तुमच्याकडे रांगेत सगळ्या म्हशी न् बकऱ्या, एक बाबा बोललाच, "मांजरले दवाखानामा कोन आनस व माय!"

गाडीनं उडवलेली, मागचे पाय फरफटत होते, मला वाटलं कणाच गेला. तुम्ही चिमट्यानं मागच्या पायाचं बोट दाबलं, तिनं पाय ओढून घेतला, मी खूश, तर तुम्ही म्हणाले थांबा, पाय तर कणा तुटलेलं जनावरही ओढतं, तिला दुखलेलं कळलं पाहिजे. परत दाबलं तर ती मान वळवून अशी फिसकारली की कंपाउंडर मागे सरकला. तेव्हा कुठं तुम्ही हसले.

एक्स-रे जळगावला काढला. कंबरेचं हाड मोडलेलं पण खुब्याचा सांधा शाबूत, म्हणून ऑपरेशन नाही, सहा आठवडे पिंजरा. वळता येईल एवढाच, उडी मारता येईल एवढा नको. आणि हाडापेक्षा लघवीकडे लक्ष ठेवा म्हणाले, दिवसभरात झाली नाही तर रात्री पण फोन करा. रात्री चादर ओली दिसली न् मी देवाला हात जोडले. आता ती ओट्यावर चढते, जरा तिरकी चालते. लय उपकार साहेब.

भुसावळचा पप्पू
मस्त पत्र. आमच्या बोक्याला लागलं होतं तर लहान पोरांचं तापाचं सिरप दिलं होतं दोन थेंब, दुखणं कमी होतं. जास्त नाही द्यायचं फक्त.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, धुळे
पप्पूभाऊ, दोन थेंब पण नको. त्यात पॅरासिटामॉल असतं, ते मांजराच्या लिव्हरला पचवता येत नाही. हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो न् जनावर जातं. तुमचा बोका नशिबानं वाचला.
ताई, मांजर मादी आहे ना? नसबंदीचं विचारा. हाड आत दबून जुळलं असेल तर वाट अरुंद होते, पिल्लं अडकतात. शी कडक होतेय का तेही बघत जा.

शहाद्याची मावशी
आमच्या गाईचं शिंग मोडलं तर पिंजऱ्यात ठेवायचं का? डॉक्टर चार दिवस झाले येतो म्हणतात.

भुसावळचा पप्पू
मावशी, गाय पिंजऱ्यात 😄
काका, पण कुत्र्याला तर देतात ना ते औषध?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, धुळे
कुत्र्याला डॉक्टर कधी कधी वजन बघून देतात, आपल्या मनानं नाही. मावशी, रक्त थांबलंय का? जखमेवर माशी बसू देऊ नका, अळ्या पडतात.

अमळनेरकर ताई
मादीच आहे काका. शी कधी कधी कुंथून करते, मला वाटलं उन्हाळ्यामुळे. सोमवारी खोकं घेऊन जाते परत.