मदत हवी आहे: चेहरा तोच ठेवून राग कसा आणायचा?

अहिराणी चित्रकथेसाठी जळगावच्या आमच्या मावशींचा (त्यांना विचारूनच) समोरून काढलेला एक फोटो घेतलाय. त्यावरून एआयने चित्रं बनवायला एसडीएक्सएल आणि चेहऱ्याची ओळख टिकवणारं इन्स्टंटआयडी वापरतोय, ग्राफिक्स कार्ड १२ जीबीचं.

हसू छान येतं, कारण फोटोतच मावशी किंचित हसतायत. पण राग मागितला की कपाळावर आठ्या येतात आणि ओठांचे कोपरे वरच राहतात. भांडताना गालात हसणारी मावशी कोणाला खरी वाटेल?

माझ्या समजुतीप्रमाणे ओळख एम्बेडिंगमधून येते, पण कंट्रोलनेटला त्याच फोटोतले पाच बिंदू जातात: डोळे, नाक, ओठांचे दोन कोपरे. म्हणजे हसूही सोबत जातं. `controlnet_conditioning_scale` ०.८ वरून ०.४ केलं तर राग येतो, पण जबडा बदलतो, बाई दुसरीच होते. मग बिंदू माझ्याच रागावलेल्या सेल्फीतून दिले. तोंड सुधारलं, पण पाचात भुवयांचा बिंदूच नाही, त्यामुळे भुवया प्रॉम्प्टच्या भरवशावर.

लोरा शक्य नाही, वेगवेगळ्या हावभावांचे फोटो नाहीत. आश्चर्याचं नंतर बघू. भुवया-पापण्यांसकट हावभाव दुसऱ्या चेहऱ्यावरून घ्यायचा, पण जबड्याची ठेवण मावशींचीच ठेवायची, तर फेस मेशचं वेगळं कंट्रोलनेट जोडावं, की आधी शांत चेहरा बनवून लाइव्हपोर्ट्रेटने राग चढवावा? कोणी करून पाहिलंय का?